आकृती पाच कोणाची? लेखकक्रमाच्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

सुधारलेला पेपर जर्नलकडे परत गेला, त्या संध्याकाळी त्यावर काम केलेल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला एक आपोआप येणारं ईमेल आलं. बरीच जर्नल्स सबमिशन झालं की सगळ्या सहलेखकांना असं कळवतात: अमुक हस्तलिखितात तुमचं नाव लेखक म्हणून आहे, हरकत असल्यास सांगा. खाली नावांची यादी होती. चार महिन्यांपूर्वी पहिल्या सबमिशनमध्ये तिचं नाव पहिलं होतं. आता ते दुसरं होतं. पहिल्या जागी प्रयोगशाळेतल्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्याचं, नाव आलं होतं. तिसऱ्या जागी एक नाव असं होतं, जे आधीच्या यादीत नव्हतंच. शेवटी तिचे मार्गदर्शक सर होते, आधीसारखेच.

तिला कोणी विचारलं नव्हतं. सुधारलेली प्रतही तिने पाहिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी दुसऱ्या विभागात शिकवते आणि तिच्या सल्लागार समितीत बाहेरची सदस्य म्हणून बसते. एवढाच माझा संबंध. पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं. तिची, पोस्टडॉकची आणि सरांची बाजू तिघांच्या तोंडून ऐकली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण वादाची वळणं तीच ठेवली आहेत.

पेपरमध्ये काय होतं

कामाचं स्वरूप थोडं सांगावं लागेल, कारण श्रेयाचा वाद तपशिलातच सुटतो. पाण्यातलं शिसं अगदी कमी प्रमाणात असलं तरी मोजता यावं, असा एक स्वस्त इलेक्ट्रोड बनवायचा होता. या मोजणीसाठी पूर्वी पारा वापरत. २००० साली पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरता येतो हे दाखवलं गेलं आणि तेव्हापासून त्यावर पुष्कळ काम झालं. छापील कार्बनच्या पट्टीवर बिस्मथ बसवून बघू, ही कल्पना सरांच्या प्रकल्प प्रस्तावात एका परिच्छेदात होती. तिला काम मिळालं ते तिथून.

पण थर पट्टीवर नीट बसेना. दर तिसरी पट्टी वेगळा आकडा द्यायची. त्यात तिचे जवळजवळ सात महिने गेले. आधी पट्टीच्या पृष्ठभागावर कोणती प्रक्रिया करावी म्हणजे थर एकसारखा बसेल, हे तिने शोधलं. मग मोजणीची स्थिती ठरवली, अंशांकनाची रेषा काढली, एकाच पट्टीवर आणि वेगवेगळ्या पट्ट्यांवर किती फरक पडतो ते तपासलं. पहिला मसुदा तिने लिहिला. सरांनी त्यावर दोनदा हात फिरवला आणि पेपर गेला.

रिव्ह्यूअरनी दोन मोठे आक्षेप घेतले. पहिला: पाण्यात तांबं असलं तर तुमचा आकडा बिघडेल, त्याचा अभ्यास कुठे आहे? हा आक्षेप रास्त होता. बिस्मथच्या इलेक्ट्रोडवर तांब्याचा अडथळा येतो हे या विषयातल्या कोणालाही माहीत असतं, आणि तो आपण आधीच तपासायला हवा होता, हे तिने स्वतःही नंतर कबूल केलं. दुसरा: खऱ्या पाण्याच्या नमुन्यांवर तुमची पद्धत आणि एखादी प्रस्थापित पद्धत यांची तुलना द्या.

सुधारणेला ६० दिवस होते. नेमकी तेव्हा ती आजारपणामुळे पाच आठवडे रजेवर होती. सरांनी काम पोस्टडॉककडे दिलं. त्याने तांब्याचा अडथळा मोजला, तो मोठा निघाला, आणि फेरोसायनाइड घालून तांबं बांधून ठेवलं तर शिशाचा आकडा सावरतो हे दाखवलं. ही युक्ती नवी नव्हती, पण ती इथे चालेल का, किती घालावी लागेल, हे त्यानेच ठरवलं. नव्या पेपरची आकृती ५ ती हीच. तुलनेसाठी नमुने दुसऱ्या विभागातल्या मोठ्या उपकरणावर तपासून घेतले, त्याचा तक्ता २ झाला. तिसरं नवं नाव त्या उपकरणाच्या प्रमुखांचं होतं. चर्चेचा भाग पोस्टडॉकने बहुतेक नव्याने लिहिला.

म्हणजे वाद "माझं सगळं चोरलं" असा सरळ नव्हता. असे वाद सहसा सरळ नसतातच. ती रजेवर असताना दुसऱ्या माणसाने खरोखर काम केलं होतं, आणि ते काम झालं नसतं तर पेपर परत आला असता.

न पाठवलेलं पत्र

ती आली तेव्हा तिच्या हातात जर्नलच्या संपादकांना लिहिलेलं पत्र होतं. दीड पान. त्यात "शोषण", "फसवणूक", "माझ्या चार वर्षांची मेहनत" हे शब्द होते आणि शेवटी मागणी होती की संपादकांनी तिचं नाव पहिलं करावं.

मी तिला ते पाठवू नको म्हटलं. राग चुकीचा होता म्हणून नव्हे. ते पत्र चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या मागणीसाठी होतं, म्हणून. लेखकत्वाबाबत सर्वांत जास्त उद्धृत होणारे निकष वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे आहेत. वैद्यकाबाहेरची अनेक जर्नल्सही ते मानतात. त्यांत स्पष्ट म्हटलंय की लेखकांमधल्या भांडणात निवाडा करणं हे संपादकाचं काम नाही. ते काम जिथे झालं त्या संस्थेने चौकशी करावी. प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी १९९७ साली सुरू झालेल्या कोप या संस्थेचा सल्लाही त्याच दिशेचा आहे. वाद कानावर आला की संपादक पेपर थांबवतो, सर्व लेखकांना लिहितो, आणि एकमत होईना तर संस्थेकडे बोट दाखवतो. कोण पहिला हे तो ठरवत नाही, कारण त्याच्यापुढे ना प्रयोगाची वही असते ना प्रयोगशाळेतला इतिहास.

म्हणजे ते पत्र गेलं असतं तर निकाल काहीच लागला नसता. पेपर थांबला असता, आणि सरांना ही गोष्ट प्रथम तिच्याकडून नव्हे, संपादकाकडून कळली असती. त्यानंतर बोलणं अवघड झालं असतं.

पत्रात एक ओळ मात्र फार मोलाची होती, आणि ती तिसऱ्या परिच्छेदात दडली होती: "मला सुधारलेली प्रत दाखवली गेली नाही." आयसीएमजेईचे लेखकत्वाचे चार निकष आहेत. कल्पनेत, रचनेत, माहिती मिळवण्यात किंवा तिचं विश्लेषण करण्यात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक भर घालून तो तपासणं. प्रकाशनाआधी अंतिम प्रतीला संमती. आणि कामाच्या प्रत्येक भागाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. चारही एकाच वेळी लागतात. तिसरा निकष इथे मोडला होता, आणि तो मोडला हे सिद्ध करायला मतं लागत नव्हती. पहिलं कोण यावर दोन भले लोक वेगळं बोलू शकतात. संमती घेतली की नाही यावर नाही.

आधी कागद, मग बोलणं

तिला मी एकच गोष्ट करायला सांगितली: सरांना भेटण्याआधी प्रत्येक आकृती आणि तक्त्यापुढे लिही की हे कोणाच्या हातून झालं आणि हे करायचं कोणाला सुचलं. दोन वेगळे रकाने. त्यापुढे पुरावा कुठे आहे ते.

हात आणि डोकं वेगळं लिहायला सांगण्याचं कारण असं की संशोधक विद्यार्थी बहुधा हाताचा हिशेब मांडतात, "मोजण्या सगळ्या मी केल्या" म्हणून, आणि मार्गदर्शक डोक्याचा मांडतात, "कल्पना माझी होती" म्हणून. मग दोघेही खरं बोलत असतात आणि कोणाचंच पुढे सरकत नाही.

तिला दोन दिवस लागले. वहीतल्या तारखा, उपकरणातून निघालेल्या मूळ फाइल्स, मसुद्याच्या आवृत्त्यांचा इतिहास, सरांशी झालेली मेल्स. मग तिने कागद माझ्यासमोर ठेवला. आकृती १ ते ४ आणि जुन्या पद्धतींशी तुलनेचा तक्ता १ हे सारं तिच्या हातचं. पण "सुचलं कोणाला" या रकान्यात आकृती १ पुढे तिने सरांचं नाव लिहिलं होतं. अंशांकनाच्या आकृतीपुढे "सर आणि मी". पृष्ठभागाच्या प्रक्रियेपुढे फक्त तिचं, आणि त्याला पुरावा म्हणून एक जुनं मेल, ज्यात सरांनी लिहिलं होतं: "हे चालेल असं मला वाटत नाही, पण करून बघ." आकृती ५ पुढे, दोन्ही रकान्यांत, पोस्टडॉक.

तो शेवटचा रकाना भरताना तिला त्रास झाला असणार. पण पुढे बैठकीत त्याच रकान्याने काम केलं. जो कागद दुसऱ्याचं श्रेय त्याला देतो, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो.

एक धोका मी तेव्हाच सांगितला. आकृत्या मोजून क्रम ठरत नाही. चार विरुद्ध एक हा काही गुणफलक नव्हे. कधी एकच आकृती सगळा पेपर तारते. इथे आकृती ५ ने तो बऱ्याच अंशी तारला होता. त्यामुळे कागदाचा उपयोग "म्हणून मी पहिली" असं म्हणायला नव्हता, बोलणं वस्तुस्थितीवर ठेवायला होता.

मग तिने सरांना मेल केलं. दोन मसुदे फाडून झाले. शेवटी गेलं ते असं:

"सर, जर्नलकडून आलेल्या मेलमध्ये सुधारलेल्या पेपरचा लेखकक्रम बदललेला दिसला. सुधारलेली प्रत मी अजून पाहिलेली नाही. ती मला पाठवाल का? क्रमाबद्दल मला तुमच्याशी समोरासमोर बोलायचं आहे. या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? कोणत्या भागाचं काम कोणी केलं याची मला दिसते तशी नोंद मी केली आहे, ती घेऊन येते. माझ्याकडून काही राहिलं असेल तर तुम्ही सांगालच."

यात आरोप नाही, मागणीही नाही. पण दोन गोष्टी तारखेसह लेखी आल्या: तिने प्रत पाहिलेली नाही, आणि क्रमाला तिची मूक संमती नाही. पुढे प्रकरण वर गेलंच असतं तर पहिला कागद हाच ठरला असता. मार्गदर्शकाला पाठवायचं असं मेल लिहिताना मी एक कसोटी वापरते: हे मेल उद्या चौकशी समितीपुढे मोठ्याने वाचलं गेलं तर आपल्याला खाली बघावं लागेल का? लागत असेल तर ते वाक्य काढा.

सरांची बाजू

पहिली भेट बरी झाली नाही. "क्रम ठरवणं माझं काम आहे. तू नव्हतीस, त्याने पेपर वाचवला. त्याला नोकरीसाठी अर्ज करायचेत, त्याला पहिलं नाव लागतं. तुझा प्रबंध होणारच आहे," असं सर म्हणाले. आणि वर, "कल्पना माझी, पैसा प्रकल्पाचा."

यातलं प्रत्येक वाक्य वेगळं करून बघायला हवं, कारण सगळी सारख्या वजनाची नाहीत.

त्याने पेपर वाचवला, हे खरं आणि महत्त्वाचं. हा खरा वाटा आहे आणि त्याचं नाव यादीत वर यायलाच हवं होतं.

कल्पना माझी, हेही खरं. पण प्रयोगशाळेतल्या विज्ञानात या श्रेयाची जागा प्रथेने ठरलेली आहे: शेवटचं नाव. ते सरांकडे होतंच. कल्पना सरांची म्हणून पहिली जागा तिसऱ्याला देता येते, असं त्यातून निघत नाही. पैसा प्रकल्पाचा, याला तर आयसीएमजेईचं थेट उत्तर आहे: निव्वळ निधी मिळवणं किंवा निव्वळ सर्वसाधारण देखरेख हे लेखकत्वाला पुरेसं नाही. सरांचा वाटा त्याहून मोठा होता, म्हणून त्यांच्या लेखकत्वाचा प्रश्न नव्हताच. पण क्रमासाठी ते कारण म्हणून चालत नाही.

त्याला गरज आहे, हे वाक्य सगळ्यांत माणुसकीचं आणि सगळ्यांत चुकीचं. सर दुष्टपणाने वागत नव्हते, एका माणसाच्या पोटापाण्याची काळजी करत होते. पण कोणत्याच नियमावलीत गरज हा निकष नाही, आणि असूही शकत नाही, कारण लेखकक्रम हे केलेल्या कामाबद्दलचं विधान आहे. उलट विद्यार्थ्याच्या बाजूने मात्र लेखी आधार सापडतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या नीतिसंहितेत म्हटलं आहे की विद्यार्थ्याच्या प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या, अनेक लेखकांच्या लेखात अपवादात्मक परिस्थिती सोडता विद्यार्थ्याचं नाव पहिलं असावं. ती संहिता रसायनशास्त्राला लागू नाही, पण विचार कसा केला जातो ते कळतं.

राहिलं "क्रम ठरवणं माझं काम". इथे प्रथा आणि नियम वेगळे पडतात. बहुतेक प्रयोगशाळांत खरंच प्रमुख ठरवतो. आयसीएमजेईच्या म्हणण्यानुसार क्रम सहलेखकांनी मिळून ठरवायचा असतो. गणितासारख्या काही शाखांत नावं वर्णानुक्रमे लावतात, तिथे हा वाद उद्भवतच नाही. तिथे भांडण होतं ते यादीत कोण यावर. इथे तशी प्रथा नव्हती.

तिने हे सगळं त्या खोलीत बोलून दाखवलं नाही, आणि बरं केलं. मार्गदर्शकाला नियमावली वाचून दाखवली की तो ऐकायचं थांबवतो. तिने कागद पुढे केला, आकृती ५ पुढचं पोस्टडॉकचं नाव दाखवलं आणि विचारलं, "सर, यात कुठे चूक आहे?" सरांनी कागद वाचला. पृष्ठभागाच्या प्रक्रियेपाशी, म्हणजे स्वतःच्या जुन्या मेलपाशी, थांबले. "हे मी विसरलो होतो," म्हणाले. क्रमाबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी तिने चार ओळींचं मेल पाठवलं: आज काय बोलणं झालं, कशावर एकमत झालं, कशावर नाही, आणि पुढच्या आठवड्यात पोस्टडॉकसह तिघांनी बसावं अशी विनंती. चार दिवस उत्तर नाही. ते चार दिवस वाईट असतात. माणूस तेव्हाच चुका करतो: मूळ फाइल्स सामायिक फोल्डरमधून काढून घेतो, किंवा तीच माहिती स्वतःच्या नावाने दुसरीकडे टाकतो. तिच्याही मनात फाइल्सचं आलं होतं. मी तिला बजावलं की आत्तापर्यंत चूक तुझी नाही. फाइल हलवलीस तर होईल. माहिती संस्थेची आणि प्रकल्पाची असते, आणि ती दडवणं हा वेगळा, अधिक गंभीर आरोप असतो.

तिघांची बैठक, आणि चौथा माणूस

पोस्टडॉकला बैठकीत प्रथमच कळलं की तिला विचारलंच नव्हतं. त्याने पहिलं नाव मागितलं नव्हतं. सरांनी दिलं, त्याने घेतलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "थर बसला नसता तर मी तांबं कशावर मोजलं असतं?" माझ्या मते त्या बैठकीतलं निर्णायक वाक्य हे होतं, आणि ते त्याच्याकडूनच यायला हवं होतं. तिने तेच म्हटलं असतं तर तो दावा झाला असता.

पर्याय तीन होते. जुना क्रम ठेवायचा, नवा ठेवायचा, किंवा दोघांना समान वाटेकरी दाखवून नावांना चिन्ह लावायचं, "या दोघांचा वाटा समान आहे" अशी तळटीप द्यायची. तिसरा ठरला, आणि त्यातही तिचं नाव आधी. समान वाट्यातही आधी कोण हा प्रश्न उरतोच, कारण संदर्भ देताना पहिलं नाव आणि "इतर" एवढंच छापलं जातं. तळटीप तिथपर्यंत पोचत नाही. पोस्टडॉकने ते मान्य केलं. पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून सर राहिले. त्यावर तिने वाद घातला नाही. ते मानाचं पद समजलं जातं, पण मुळात ती जर्नलशी बोलण्याची आणि नंतर येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देण्याची जबाबदारी आहे, आणि तिचा संस्थेचा ईमेल पत्ता वर्षभरात बंद होणार होता.

सोबत पेपरच्या शेवटी प्रत्येकाच्या वाट्याचं निवेदन घालायचं ठरलं. त्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी बरीच जर्नल्स वापरतात. २०२२ पासून ती अमेरिकेत अधिकृत मानकही आहे. संकल्पना, कार्यपद्धती, प्रत्यक्ष तपास, विश्लेषण, मूळ मसुदा, संपादन, निधी, देखरेख अशा त्या भूमिका. सरांच्या नावापुढे संकल्पना, निधी, देखरेख आणि संपादन आलं. पोस्टडॉकच्या पुढे तपास, कार्यपद्धती आणि संपादन. तिच्यापुढे कार्यपद्धती, तपास, विश्लेषण, मूळ मसुदा. तिच्या कागदावरून हे निवेदन लिहायला वीस मिनिटं लागली. ही यादी क्रम ठरवत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. ती फक्त कोणी काय केलं ते सांगते.

उरलं तिसरं नाव, उपकरणप्रमुखांचं. सरांना ते ठेवायचं होतं; पुढेही त्या विभागाशी काम पडणार होतं. नमुने तपासून देणं ही सेवा होती, ठरलेलं शुल्क भरलं होतं. अशा मदतीची जागा आभाराच्या परिच्छेदात. पण इथे मी एक शंका घातली. त्यांनी आकड्यांचा अर्थ लावायला मदत केली का? केली असेल तर त्यांना मसुदा न दाखवता बाहेर ठेवणंही अन्याय. ज्याचा पहिल्या निकषात वाटा आहे, त्याला मसुद्यावर काम करायची आणि संमती द्यायची संधी द्यावी लागते. ती नाकारून "तू निकषांत बसत नाहीस" म्हणता येत नाही. मग सरांनी सरळ त्यांनाच विचारलं. त्यांनाही ते आपोआप येणारं मेल मिळालं होतं आणि ते बुचकळ्यात पडले होते. पेपर त्यांनी वाचला नव्हता. आकडेवारीची जबाबदारी घेता का, म्हटल्यावर ते म्हणाले, "तक्त्याची घेतो, बाकीच्याची कशी घेऊ?" आभारात नाव घातलं तर त्यांना चालणार होतं. ज्या नावावरून सर्वांत जास्त ताण होईल असं वाटत होतं, ते एका फोनवर सुटलं.

मग जर्नलला कळवलं. सबमिशननंतर लेखक किंवा क्रम बदलायचा तर जर्नल बहुधा एक फॉर्म मागतं: बदलाचं कारण आणि सर्व लेखकांच्या सह्या, काढलेल्या व्यक्तीचीसुद्धा. कारणाच्या रकान्यात सरांनी लिहिलं: "सुधारित प्रतीतील वाट्यांचा सर्व लेखकांनी मिळून फेरविचार केला." एवढंच. संपादकांनी बदल मान्य केला. छापून आल्यावर हाच बदल कितीतरी अवघड असतो; तेव्हा दुरुस्तीची नोंद काढावी लागते, आणि लेखकांत एकमत नसेल तर संस्थेच्या निष्कर्षाशिवाय संपादक सहसा हलत नाही. तिने मेल आल्याच्या आठवड्यात प्रश्न काढला, हे म्हणूनच महत्त्वाचं. छापून येण्याची वाट बघणारे खूप असतात.

सर अडून बसले असते तर

हा प्रश्न तिने मला त्या चार दिवसांत विचारला होता, आणि आम्ही पुढच्या पायऱ्या ठरवूनही ठेवल्या होत्या. तिघांची बैठक नाकारली गेली तर सल्लागार समितीच्या अध्यक्षांकडे लेखी विनंती, त्याच कागदासह. तिथे मी सदस्य असल्याने मी बाजूला होणार होते, कारण मी आधीच तिला सल्ला दिला होता. तिथेही नाही झालं तर विभागप्रमुख, आणि मग संशोधन नीतिमत्ता पाहणारी संस्थेची यंत्रणा. संपादकाला पत्र अगदी शेवटी, आणि तेसुद्धा पेपर स्वीकारला जाण्याची चिन्हं दिसली तरच. त्या पत्राचा मजकूर आम्ही लिहून ठेवला होता:

"या हस्तलिखिताच्या सुधारित प्रतीला आणि तिच्यातील लेखकक्रमाला मी संमती दिलेली नाही. हा विषय माझ्या संस्थेकडे विचारार्थ आहे. निर्णय होईपर्यंत प्रकाशन थांबवावं ही विनंती."

यात कोण पहिलं हे नाही, सरांचं नाव नाही, "शोषण" नाही. संपादकाला जेवढं करता येतं तेवढंच मागितलं आहे. दीड पानाच्या पत्रापेक्षा या तीन ओळींना उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. पण एक गोष्ट तिला ठाऊक असावी म्हणून सांगितली: संमती रोखली की पेपर कोणाचाच छापला जात नाही, आणि तो महिनोन् महिने अडकू शकतो. हा दबाव दोन्ही बाजूंना बसतो. प्रबंध दाखल करायला पेपरची गरज असेल तर विद्यार्थ्याला आधी.

नंतर

पेपर छापून आला. प्रबंधात तिने तो एक प्रकरण म्हणून घेतला आणि आकृती ५ खाली स्वच्छ लिहिलं की हे काम सहलेखकाचं आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तांब्याबद्दल विचारलंच. तिने उत्तर दिलं आणि युक्ती कोणाची तेही सांगितलं.

पोस्टडॉकने अर्जात समान वाट्याची तळटीप दाखवली. एका निवड समितीने ती मोजली, दुसरीने नाही. त्या दोघांचं बोलणं पूर्वीसारखं राहिलं नाही, यात दोष कोणाचाच नव्हता. सरांचं शिफारसपत्र मागितल्यावर तीन आठवडे उशिरा आलं. चांगलं होतं, पण आधीची अशी पत्रं दोन दिवसांत यायची.

त्या प्रयोगशाळेत आता प्रत्येक पेपरसाठी एक सामायिक तक्ता असतो: आकृती, हात, डोकं, तारीख. मसुदा सुरू झाला की उघडतो, सुधारणेच्या वेळी पुन्हा भरतो. तो सरांनीच सुरू केला, तिच्याशी न बोलता. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा तो पडद्यावर उघडा होता. नवीन विद्यार्थ्याने तीन आकृत्यांपुढे दोन्ही रकान्यांत आपलंच नाव भरलं होतं, आणि सर त्यातल्या एका रकान्यात कर्सर ठेवून बसले होते.